राजीनाम्याच्या पत्रातच नॉन-कॉम्पीटच्या दाव्याला उत्तर कसं द्यावं

प्रश्न : मी चाकणला इंडस्ट्रियल फिल्टर बनवणाऱ्या एका कंपनीत सात वर्षं सेल्स इंजिनियर आहे. दुसरीकडून ऑफर आली म्हणून साहेबांना तोंडी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी एचआरचा मेल आला : "आपण स्पर्धक कंपनीत जात असल्याचे समजते. अपॉइंटमेंट लेटरच्या कलम 14 नुसार नोकरी सोडल्यापासून दोन वर्षे आपणास तसे करता येणार नाही, केल्यास पाच लाख रुपये भरावे लागतील. राजीनाम्यात नव्या कंपनीचे नाव आणि कलम 14 पाळण्याची हमी लिहून द्यावी, अन्यथा राजीनामा स्वीकारला जाणार नाही." नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे. मित्र म्हणतो, सरळ लिही की असलं कलम कोर्टात टिकत नाही. बायको म्हणते, त्या विषयावर काहीच लिहू नकोस, फक्त राजीनामा दे. मी नेमकं काय लिहू? उद्या माझंच पत्र माझ्यावर उलटायला नको.

उत्तर :

तुमच्या मित्राचं कायद्याचं ज्ञान बरोबर आहे आणि वहिनींची सावधगिरीही बरोबर आहे. पण दोघांपैकी कुणाच्याही सल्ल्याने लिहिलेलं पत्र अपुरं पडेल. काहीच लिहिलं नाही, तर एचआरचा तो मेल अनुत्तरित राहतो आणि पुढे त्यांचे वकील म्हणतात, "तेव्हा यांनी हरकत घेतली नव्हती." नुसतं "हे कलम टिकत नाही" असं लिहिलं, तर त्या वाक्याआड "मी स्पर्धक कंपनीत जातोय खरा" ही कबुली लपलेली असते. तुम्हाला हवा आहे तो एक छोटा परिच्छेद. त्यात दावा नाकारलेला असेल, कायद्याचा मुद्दा मांडलेला असेल आणि तुमच्याकडून नवी माहिती किंवा नवं वचन काहीही दिलेलं नसेल. पत्राचा बाकी सगळा भाग साधा राजीनामा.

मसुद्याकडे वळण्याआधी तुमच्या पायाखालची जमीन कुठे भक्कम आहे आणि कुठे भुसभुशीत, ते पाहून घ्या. शब्द त्यावरच ठरतात.

भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 सांगतं की कुणालाही कायदेशीर धंदा, व्यवसाय किंवा उद्योग करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. कायद्यात दिलेला अपवाद फक्त धंद्याचा नावलौकिक, म्हणजे गुडविल, विकणाऱ्यासाठी आहे. इंग्लंडमध्ये "बंधन वाजवी आहे का" हा प्रश्न विचारला जातो. आपल्याकडे नोकरी संपल्यानंतरच्या बंधनाबाबत तो प्रश्नच उद्भवत नाही. दोन वर्षं असोत की सहा महिने, पूर्ण महाराष्ट्र असो की फक्त चाकण एमआयडीसी, करार संपल्यावर लागू होणारं बंधन कलम 27 मध्ये अडकतंच. श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण अनेकांना आठवत असेल. पर्सेप्ट डी'मार्क या कंपनीशी त्याने 2000 मध्ये तीन वर्षांचा करार केला होता. करार संपल्यावरही नव्या ऑफर आधी आम्हाला दाखव आणि त्याच अटींवर आम्हाला पहिली संधी दे, असं एक कलम त्यात होतं. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये कंपनीला मनाई हुकूम नाकारला. कराराच्या मुदतीनंतर लागू होणारं बंधन कलम 27 खाली बसतं, हे त्या निकालात स्पष्ट आहे.

आता भुसभुशीत भाग. बंधन नोकरी चालू असतानाचं असेल, तर चित्र पूर्ण उलटं होतं. याचं मूळ प्रकरण आपल्या कल्याणचंच आहे. सेंच्युरी स्पिनिंगच्या टायर कॉर्ड विभागात निरंजन गोळीकरी शिफ्ट सुपरवायझर होते. करार पाच वर्षांचा होता, 1963 चा. विदेशी कंपनीकडून घेतलेलं तंत्र त्यांना शिकवलेलं होतं. मुदत संपायच्या खूप आधी, 1964 मध्ये, त्यांनी नोकरी सोडली आणि कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये रुजू झाले. सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये त्यांच्याविरुद्धचा मनाई हुकूम कायम ठेवला, पण तो फक्त उरलेल्या कराराच्या मुदतीपुरता, म्हणजे मार्च 1968 पर्यंतच.

तुमच्या कामाचं सूत्र या दोन निकालांमध्येच आहे : तुमची नोकरी नेमकी कोणत्या तारखेला संपते, यावर सगळं अवलंबून आहे. त्या तारखेपर्यंत तुम्ही त्यांचे नोकर आहात, आणि तोवर दुसरीकडे एक दिवससुद्धा काम करणं, नव्या कंपनीच्या ग्राहकाला कोटेशन पाठवणं, त्यांच्या ट्रेनिंगला बसणं हा करारभंग ठरू शकतो. तारीख उलटली की कलम 14 मधल्या नोकरीबंदीला कलम 27 आडवं येतं. म्हणून राजीनाम्याच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य नॉन-कॉम्पीटबद्दलचं नसतंच, ते शेवटच्या दिवसाबद्दलचं असतं. तुम्ही साहेबांना तोंडी सांगितलं त्या दिवसापासून साठ दिवस मोजू नका. लेखी पत्र पोचेल त्या दिवसापासून मोजा, आणि तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ठरावीक मुदतीचा करार किंवा लॉक-इन नाही ना, तेही आजच वाचून घ्या. तशी मुदत असेल आणि ती उरली असेल, तर गोळीकरींचं प्रकरण तुम्हाला लागू पडू शकतं. मग हे पत्र वकिलाला दाखवल्याशिवाय पाठवू नका.

गोपनीय माहिती हा तिसरा, वेगळा विषय आहे. ड्रॉइंग, किमतीचे तक्ते, मार्जिन, ग्राहकांच्या टेंडरची आकडेमोड ही कंपनीची मालमत्ता जपण्याचं बंधन नोकरी संपल्यावरही राहतं आणि कलम 27 त्याच्या आड येत नाही. कलम 14 नाकारताना हे बंधनही नाकारल्यासारखं वाचलं गेलं, तर तुमची बाजू उगाच वाईट दिसते. ही दोन्ही पत्रात वेगवेगळ्या परिच्छेदांत ठेवायची.

आता कबुलीचा प्रश्न. 1 जुलै 2024 पासून पुराव्याचा कायदा म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023. त्याच्या कलम 15 मधली कबुलीची व्याख्या बारकाईने वाचण्यासारखी आहे : वादातल्या मुद्द्याबद्दल काही अनुमान सुचवणारं कोणतंही विधान, तोंडी, लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक. "मी गुन्हा केला" असं स्पष्ट म्हणावं लागत नाही, नुसतं सुचवलं तरी पुरे. ती कबुली अंतिम पुरावा नसते, तुम्हाला खुलासा करता येतो, पण खुलासा करण्याचं ओझं तुमच्यावर येतं. मेल, व्हॉट्सअ‍ॅप, एक्झिट इंटरव्ह्यूचा फॉर्म, सगळं यात येतं.

चांगल्या घरातली, सभ्य माणसं जसं पत्र लिहितात तसा एक नमुना देतो. वाचायला अगदी सौम्य आहे, पण तुम्ही असं लिहू नका.

"आदरणीय सर, जड अंतःकरणाने राजीनामा देत आहे. कलम 14 ची मला पूर्ण कल्पना आहे, पण घरच्या आर्थिक अडचणींमुळे हा निर्णय घ्यावा लागत आहे. नव्या ठिकाणचे काम आपल्यासारखेच असले, तरी आपल्या ग्राहकांना मी हात लावणार नाही याची खात्री देतो. माझ्यामुळे कंपनीचे काही नुकसान झाल्यास क्षमस्व. तसेच करार कायद्याच्या कलम 27 नुसार असे बंधन बेकायदेशीर आहे, हे नम्रपणे नमूद करतो."

"कल्पना आहे, पण" या तीन शब्दांत तुम्ही मान्य केलंत की कलम वाचलं होतं, समजलं होतं, लागू होतं, आणि तरीही तुम्ही त्याविरुद्ध जात आहात. आर्थिक अडचण हे कारण भंगाचं समर्थन म्हणून वाचलं जातं, आणि समर्थन भंग झाला असेल तरच लागतं. "काम आपल्यासारखेच" हे तर कंपनीने सिद्ध करायची गोष्ट तुम्ही स्वतःहून हातात देणं झालं. नवी कंपनी खरंच स्पर्धक आहे का, तुम्ही तिथे तीच उत्पादनं विकणार का, हे सगळं त्यांना पुराव्याने दाखवावं लागलं असतं. ग्राहकांना हात न लावण्याचं वचन तुमच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये आहे का ते मला माहीत नाही. नसेल, तर तुम्ही ते आज नव्याने दिलंत, तेही मुदत न घालता. आणि "नुकसान झाल्यास क्षमस्व" या वाक्याने पाच लाखांच्या दाव्यातला सगळ्यात अवघड भाग, म्हणजे नुकसान, शक्य कोटीतला करून ठेवला. शेवटचं कलम 27 चं वाक्य बरोबर आहे, पण तोवर वस्तुस्थितीचं सगळं देऊन झालेलं असतं.

त्या पाच लाखांबद्दल एवढं समजून घ्या. करारात आकडा लिहिला म्हणून तो आपोआप देणं लागत नाही. करार कायद्याच्या कलम 74 खाली न्यायालय त्या आकड्याच्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. आणि मूळ बंधनच रद्दबातल असेल, तर ते मोडल्याबद्दलचा दंड कशावर उभा राहणार? मात्र याची गल्लत ट्रेनिंग बॉन्ड किंवा किमान सेवेच्या बॉन्डशी करू नका. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये तीन वर्षांच्या किमान सेवेची आणि ती न केल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. ती अट नोकरीच्या काळाबद्दलची होती. तुमच्या फाइलमध्ये असा वेगळा बॉन्ड असेल, तर त्याचं उत्तर वेगळं.

आता तुमच्यासाठीचा मसुदा. तुमच्या कंपनीचा पत्रव्यवहार इंग्रजीत चालत असेल तर इंग्रजीत लिहा, पण वाक्यांचा क्रम हाच ठेवा.

विषय : राजीनामा, तसेच आपल्या दि. ____ च्या ई-मेलला उत्तर

मी सेल्स इंजिनियर या पदाचा राजीनामा देत आहे. अपॉइंटमेंट लेटरनुसार साठ दिवसांची नोटीस आज दि. ____ पासून सुरू होत असून माझा कामाचा शेवटचा दिवस दि. ____ असेल.

या काळात मी नेमून दिलेले काम नेहमीप्रमाणे करीन. सध्या हाती असलेल्या चौकश्या, कोटेशने व येणी यांची यादी सोबत जोडली आहे. ती कोणाकडे सोपवावी ते कळवावे.

आपल्या दि. ____ च्या ई-मेलमधील कलम 14 संबंधीचे म्हणणे मला मान्य नाही. मी माझ्या कराराचा कोणताही भंग केलेला नाही. सदर कलम मला लागू किंवा बंधनकारक आहे हे मान्य न करता मी नोंदवतो की, नोकरी संपल्यानंतर अन्यत्र काम करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 27 नुसार अंमलात आणता येत नाही. त्यामुळे आपण मागितलेली हमी मी देत नाही, तसेच मागितलेली रक्कम देय असल्याचे मला मान्य नाही.

गोपनीय माहितीबाबत करार व कायदा यांनुसार माझ्यावर जी जबाबदारी आहे ती मी पाळत आलो आहे व पुढेही पाळीन. कंपनीचा लॅपटॉप, सिमकार्ड, ओळखपत्र व कागदपत्रे कोणाकडे व कधी जमा करावीत ते कळवावे.

आपल्या ई-मेलमधील एखाद्या विधानाचा येथे उल्लेख नाही, याचा अर्थ ते मला मान्य आहे असा होत नाही. माझे सर्व हक्क राखून ठेवत आहे.

एवढंच. एका पानात बसतं.

तिसऱ्या परिच्छेदाकडे जरा थांबून बघा, कारण त्यातला क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. आधी दावा अमान्य, मग भंग झालेला नाही, मग "मान्य न करता" हे शब्द, आणि सगळ्यात शेवटी कायदा. कोर्टातल्या जबाबात आपण असंच लिहितो. कायद्याचा मुद्दा हा दुसरा बचाव असतो, पहिला नाही. क्रम उलटला, तर वाचणारा समजतो की वस्तुस्थितीबद्दल वाद नाही, फक्त कायद्याचा आधार घेतला जातोय. आणि "अंमलात आणता येत नाही" एवढंच लिहिलंय. कंपनीने जुलूम केला, धमकी दिली, फसवून सही घेतली, असं काही लिहू नका. तशी विशेषणं सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते आणि त्यांचा तुम्हाला उपयोग शून्य. निकालांची नावंही पत्रात नकोत. ती नोटिशीच्या उत्तरात किंवा कोर्टात येतील.

"कोणताही भंग केलेला नाही" हे वाक्य मात्र ते खरं असेल तरच ठेवा. पत्र पाठवण्याच्या आधीच्या संध्याकाळी शांतपणे आठवा : कंपनीची ग्राहकयादी कधी स्वतःच्या जीमेलवर पाठवली आहे का, घरच्या कॉम्प्युटरवर किमतीचा एक्सेल उतरवला आहे का, नव्या कंपनीशी बोलताना एखादं ड्रॉइंग दाखवलं आहे का, एखाद्या ग्राहकाला "मी लवकरच तिकडे जातोय, ऑर्डर जरा थांबवा" असा मेसेज केला आहे का. यातलं काही असेल तर ते वाक्य गाळा, "म्हणणे मान्य नाही" एवढ्यावर थांबा आणि वकिलाला भेटा. आणि घाबरून काही पुसू नका. कंपनीच्या आयटीवाल्यांना फाइल कधी पुसली हे बऱ्याचदा दिसतं, आणि राजीनाम्याच्या आदल्या रात्री पुसलेली फाइल ही ठेवलेल्या फाइलपेक्षा जास्त संशयास्पद दिसते. असा डेटा परत कसा करायचा हे पुढे लेखी विचारून, त्यांच्या सांगण्यानुसार करता येतं. माझ्या पाहण्यात माणसं अडचणीत येतात ती नॉन-कॉम्पीटच्या कलमामुळे क्वचितच. अशा एखाद्या मेलमुळे किंवा पेन ड्राइव्हमुळे हमखास येतात, आणि मग तो दावा गोपनीयतेचा होतो. तिथे कलम 27 तुमच्या मदतीला येत नाही.

गोपनीयतेच्या परिच्छेदातही मोजून लिहिलंय. "कंपनीत मिळालेली सर्व माहिती मी कुठेही वापरणार नाही" असं लिहिलंत तर सात वर्षांत शिकलेलं कामसुद्धा त्यात गुंतवलंत. कोणत्या धुळीला कोणता फिल्टर लागतो, ग्राहकाच्या प्लांटमध्ये प्रेशर ड्रॉप कसा मोजायचा, हे तुमचं कौशल्य आहे, आणि ते तुमच्याबरोबर जाणारच. म्हणून "करार व कायदा यांनुसार जी जबाबदारी आहे ती" एवढंच. त्यापेक्षा एक शब्द कमी नको, एक शब्द जास्त नको.

नव्या कंपनीचं नाव पत्रात नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुमच्या करारात ते कळवण्याची अट नसेल तर सांगणं तुमच्यावर बंधनकारक नाही, आणि सांगितलं तर त्यांच्या वकिलांची पहिली नोटीस नव्या कंपनीच्या एचआरला जाते. अनेकांची ऑफर कोर्टाच्या हुकमाने रद्द होत नाही, त्या नोटिशीने रद्द होते. अट असेल, तर तिचं पालन वेगळ्या पत्रात, नेमकं अटीत लिहिलंय तेवढंच. पण खोटं मात्र कधीही लिहू नका. "गावाकडे शेती बघायची आहे", "वडिलांची तब्येत बरी नाही" अशी कारणं देऊन दोन महिन्यांनी लिंक्डइनवर नव्या कंपनीचा फोटो टाकणारे लोक मी पाहिले आहेत. मनाई हुकूम द्यायचा की नाही हे ठरवताना न्यायाधीश दोन्ही बाजूंचं वागणंही बघतात. न सांगणं हा तुमचा हक्क आहे. खोटं सांगितलंत की कंपनीला तुमच्या हेतूबद्दल बोलायला जागा मिळते. एक्झिट इंटरव्ह्यूत कुणी विचारलंच तर म्हणा, "पुढच्या नोकरीबद्दल मी आत्ता काही सांगू इच्छित नाही." विषय तिथेच संपवा.

या पत्रावर वर "विदाउट प्रेज्युडिस" लिहायला तुम्हाला कुणीतरी सांगेलच. लिहू नका. ते शब्द तडजोडीच्या बोलणीसाठी आहेत. दिवाणी दाव्यात, ती बोलणी पुराव्यात आणायची नाहीत अशा समजुतीने केलेली विधानं साक्ष्य अधिनियमाच्या कलम 21 खाली संरक्षित राहतात. पण तुमचा राजीनामा तुम्हाला उद्या स्वतःच कोर्टात दाखवायचा आहे, नोटीस कधी दिली आणि दावा कधी नाकारला हे सिद्ध करायला. ते पत्र खुलं आणि उघड असलंच पाहिजे. "हक्क राखून" हे शब्द पुरेसे आहेत. पैशांवर तडजोड करायची वेळ आलीच, तर ती बोलणी वेगळ्या पत्रात, तेव्हा वर ते शब्द घालून. राजीनाम्यात "रकमेबाबत चर्चेस तयार आहे" असं कधीही नको.

पाठवण्याबद्दल. ऑफिसचा मेल आयडी राजीनामा दिल्याच्या दिवशीच बंद होऊ शकतो, म्हणून पत्र स्वतःच्या खासगी मेलवरून एचआर आणि साहेब दोघांना पाठवा, ऑफिसचा आयडी सीसीमध्ये ठेवा, आणि सही केलेली प्रत त्याच दिवशी कंपनीच्या नोंदणीकृत पत्त्यावर स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद जपून ठेवा. एचआरच्या त्या मेलचा आणि अपॉइंटमेंट लेटरचा फोटो किंवा प्रत आत्ताच घेऊन ठेवा. ती तुमच्याशी संबंधित कागदपत्रं आहेत. बाकी कुठलाही ऑफिसचा मेल मात्र घरी फॉरवर्ड करू नका.

"राजीनामा स्वीकारला जाणार नाही" याला घाबरायचं कारण नाही. करारात नोटीस देऊन सोडण्याची तरतूद आहे, ती तुम्ही पाळत आहात. मनाविरुद्ध एखाद्याकडून नोकरी करून घेण्याचा हुकूम कोर्ट देत नाही. त्रास होऊ शकतो तो रिलीव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल अडकवून ठेवण्याचा, आणि तो खरा त्रास आहे हे मी कमी लेखत नाही. नव्या कंपनीला रिलीव्हिंग लेटर उशिरा चालेल का, हे राजीनामा देण्याआधी विचारून ठेवा. बऱ्याच कंपन्या राजीनाम्याचा मेल आणि शेवटची पगार-पावती यांवर रुजू करून घेतात.

नोटीस चालू असताना कंपनी तुम्हाला "उद्यापासून येऊ नका, पगार मिळत राहील" असं सांगू शकते. मिळत असेल तो पगार घ्या, घरी राहा, पण त्या काळात तुम्ही अजून त्यांचेच नोकर आहात हे विसरू नका. मात्र करारातलं एखादं कलम नोकरी संपल्यानंतरही तीन महिने पगार देऊन घरी बसवू पाहत असेल, तर मुंबई उच्च न्यायालयाने व्हीएफएस ग्लोबलच्या प्रकरणात अशा अटीलाही कलम 27 ची आडकाठी दाखवली होती.

आणखी एक मर्यादा. हे सगळं भारतीय कायद्याखालच्या नोकरीबद्दल आहे. तुमची ऑफर दुबईची असेल किंवा करारावर परदेशी कायदा लागू असेल, तर हा मसुदा वापरू नका. संयुक्त अरब अमिरातीत, उदाहरणार्थ, दोन वर्षांपर्यंतची नॉन-कॉम्पीट अट कायद्यातच मान्य आहे. त्याचप्रमाणे तुम्ही कंपनीत भागीदार असाल किंवा शेअर विकून बाहेर पडत असाल तर गुडविलचा अपवाद लागू शकतो. तुम्ही पगारदार आहात, म्हणून तो तुम्हाला लागू नाही.

पत्र गेल्यावर दोन ठिकाणी सावध राहायचं आहे. शेवटच्या आठवड्यात नो-ड्यूजच्या कागदांच्या गठ्ठ्यात "मी कलम 14 चे पालन करीन" असं छापलेलं एक पान हमखास असतं. लॅपटॉप जमा केल्याची पोच घ्या, पण त्या पानावर सही करू नका. फारच आग्रह झाला तर सहीशेजारी स्वतःच्या हाताने लिहा, "कलम 14 संबंधी माझ्या दि. ____ च्या पत्रातील भूमिका कायम", आणि त्या पानाचा फोटो घ्या. दुसरं ठिकाण म्हणजे राजीनामा स्वीकारल्याचा मेल. त्यात बहुतेक वेळा "कलम 14 मधील आपल्या जबाबदाऱ्यांच्या अधीन राहून" असं वाक्य असतं. ते तसंच सोडलं तर तुमचं आधीचं पत्र सैल पडतं. वाद घालू नका, परत कायदा सांगू नका. त्याच दिवशी एका ओळीचं उत्तर पाठवा : "राजीनामा स्वीकारल्याची व शेवटचा दिवस दि. ____ असल्याची नोंद घेतली. कलम 14 बाबत माझी भूमिका दि. ____ च्या पत्राप्रमाणेच आहे."